शेवटचा भाव सकाळीच ठरतो

लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या घोळक्यात साड्या बघणारी माणसं वेगळी आणि भाव करणारा माणूस वेगळा. साड्या बघतात नवरी, तिची आई, दोन मावश्या आणि एखादी वहिनी. भाव करणारा बहुधा मामा असतो. तो तीन तास साड्यांकडे ढुंकूनही बघत नाही. गादीच्या कडेला टेकून चहा पितो, पेपर वाचतो, दुकानदाराशी पावसापाण्याच्या गप्पा मारतो. साड्यांचा ढीग बाजूला होऊन कॅल्क्युलेटर बाहेर आला, की मात्र हळूच सरकत गल्ल्याजवळ येतो.

कॉलेज संपवून मी नुकताच वडिलांबरोबर दुकानात बसू लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. एका बस्त्याचं बिल करासकट ७३,५०० रुपये झालं. मामांनी आकडा ऐकला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पासष्ट घ्या शेठ, आणि विषय संपवा."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, "मामा, एवढ्यात आमची खरेदीसुद्धा निघत नाही." ते खोटं होतं. पासष्ट हजारांत खरेदी आरामात निघत होती. मामांनाही ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं. वडिलांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मामांना म्हणाले, "आधी चहा घ्या. मग बघू कुठे काय होतंय ते."

पुढच्या दहा मिनिटांत जे झालं ते मला तेव्हा वडिलांचं बोलण्यातलं कसब वाटलं. नंतर कळलं, त्यात बोलण्याचा वाटा थोडा होता आणि हिशेबाचा मोठा. तो हिशेब त्या दिवशी सकाळीही झालेला नव्हता. माल दुकानात आला, त्याच दिवशी झाला होता.

एका साडीचं गणित

बस्ता बाजूला ठेवू आणि एकच साडी घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, गावागणिक आणि मालागणिक ते बदलतील. साडी आम्हाला गाडीभाड्यासह १,५४० रुपयांना पडली. विक्रीचा भाव २,२०० रुपये, वर पाच टक्के जीएसटीचे ११०, म्हणून चिठ्ठीवर २,३१० रुपये. कर सरकारचा. आपल्या हातात आले २,२००, त्यातून १,५४० गेले, राहिले ६६०. म्हणजे विक्रीवर तीस टक्के.

गिऱ्हाईकाला दिसतो तो हा तीस टक्क्यांचा ढोबळ नफा. "अर्धा नफा काढता हो तुम्ही लोक," असं कुणी म्हणतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हेच ६६० असतात. पण त्यातूनच दुकानाचं भाडं, तीन पोरांचे पगार, लाइटबिल, व्याज आणि तीन वर्षं कपाटात पडून राहिलेल्या साड्यांचा तोटा भागवायचा असतो. आमच्या दुकानात हा खर्च शंभर रुपयांच्या विक्रीमागे वीस रुपये होता. २,२०० च्या साडीवर ४४० खर्चाचे. घरी नेण्यासारखे उरले २२०.

आता समोरच्या वहिनी म्हणाल्या, "दहा टक्के तरी सोडा." मागणी साधी वाटते. पण २,२०० चे दहा टक्के म्हणजे बरोबर २२०. भाडं दहा टक्क्यांनी कमी होणार नाही, पगारही नाही. सूट भावातून दिली असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात ती सगळीच्या सगळी नफ्यातून जाते. दहा टक्के सोडले की त्या साडीवर दिवसभराची मेहनत फुकट.

दुसऱ्या बाजूने बघा. ढोबळ नफा ६६० वरून ४४० वर आला. पूर्वी दोन साड्या विकून १,३२० मिळायचे, आता तेवढ्यासाठी तीन विकाव्या लागतील. "भाव कमी केला की विक्री वाढते" हे खरं आहे, पण इथे ती दीडपट वाढली तरच आपण होतो तिथेच राहतो. काउंटरवर एकेका गिऱ्हाईकाला दिलेल्या सुटीने विक्री दीडपट होत नाही, कारण जी साडी घेणारच होती तिलाच आपण सूट दिलेली असते.

यात एक मोह लपलेला असतो. मंदीच्या दिवसांत दुकानदार मनाशी म्हणतो, "भाडं तर द्यायचंच आहे, आलेले पैसे कशाला सोडा?" एका साडीपुरतं हे बरोबर आहे. पण भाडं एकेका साडीतूनच निघत असतं. प्रत्येक साडीने ते आपल्यावरून दुसरीवर ढकललं, तर महिनाअखेरीला भाडं भरणारी साडी उरत नाही.

चिठ्ठीवरची दोन अक्षरी ओळ

म्हणून कुठपर्यंत खाली यायचं, हे काउंटरवर ठरवायचं नसतं. समोर माणूस उभा असतो, मागे दुसरं गिऱ्हाईक ताटकळत असतं, नवरी आरशासमोर साडी खांद्यावर टाकून उभी असते. अशा वेळी डोकं हिशेब करत नाही, फक्त समोरच्याला खूश करायला बघतं.

आमच्या चिठ्ठ्यांवर छापील भावाखाली पेन्सिलीने अक्षरं लिहिलेली असत. बऱ्याच जुन्या दुकानांत अशी सांकेतिक लिपी असते. दहा वेगवेगळी अक्षरं येतील असं एखादं वाक्य घ्यायचं आणि त्या अक्षरांना एक ते नऊ आणि शून्य असे आकडे द्यायचे. समजा वाक्य आहे 'कळवणचा मी शेतगडी'. क म्हणजे १, ळ म्हणजे २, व ३, ण ४, च ५, म ६, श ७, त ८, ग ९ आणि ड शून्य. मग १,५४० ची साडी 'कचणड' होते. गिऱ्हाईकाने चिठ्ठी हातात घेतली तरी काही कळत नाही.

खरेदीचा आकडा असा लिहिणारे पुष्कळ आहेत. वडिलांची युक्ती अशी, की त्याखाली आणखी एक ओळ असे, 'ळळडड'. म्हणजे २,२००, आणि तोही करासकट. ही त्या साडीची तळरेषा. फक्त खरेदीचा आकडा समोर असला, की विक्रेत्या पोराला वाटतं, १,५४० ला पडली, १,९०० ला दिली तरी ३६० सुटले. नफा सुटल्याचा आनंद होतो आणि दुकान तोट्यात जातं. तळरेषा लिहिलेली असली, की त्याला गणित करावं लागत नाही. त्याचं काम एवढंच, त्या रेषेच्या वर राहायचं.

२,३१० वरून २,२०० म्हणजे करासकट ११० रुपये खाली. कर वगळला तर आपल्या खिशातून जवळपास १०५ गेले, २२० च्या नफ्यातले ११५ उरले. निम्मा नफा भाव करणाऱ्यासाठी, निम्मा घरासाठी, अशी ती वाटणी होती.

पैसे सोडावेत की दुसरं काही?

आता ते १०५ रुपये कसे द्यायचे, यात सगळी गंमत आहे.

नवी साडी नेसायची तर तिला फॉल लावावा लागतो आणि पदराला पिको करावी लागते. समजा, बाहेर एका साडीच्या फॉल-पिकोला १२० रुपये पडतात. आमच्याकडे ठरलेल्या बाई होत्या. रोज दहा-पंधरा साड्या त्यांच्याकडे जायच्या, म्हणून आम्हाला फॉलच्या कापडासकट ७० ला पडायचं. वहिनींना आपण म्हणालो, "चाळीस रुपये कमी करतो, आणि फॉल-पिको आमच्याकडून," तर आमचे गेले करासकटच्या चाळिसांतले ३८ आणि फॉल-पिकोचे ७०, मिळून १०८. वहिनींचे वाचले ४० आणि १२०, म्हणजे १६०. शिवाय त्यांची एक खेप वाचली. तेच नुसते पैसे सोडले असते, तर आमचे १०५ जाऊन त्यांना ११० मिळाले असते.

आपल्याला स्वस्त आणि समोरच्याला महाग अशी एखादी गोष्ट प्रत्येक धंद्यात असते. चष्म्याच्या दुकानात केस आणि काच पुसायचं कापड, शिंप्याकडे अल्टरेशन, भांड्यांच्या दुकानात नाव कोरून देणं. सूट मागितली की हात आधी त्या वस्तूकडे जायला हवा, गल्ल्याकडे नंतर.

पण फॉल-पिको आणि तळरेषेचा भाव, दोन्ही एकदम नाही. नव्या विक्रेत्यांची चूक इथेच होते. आधी भाव २,२०० वर आणतात, वहिनी उठायला लागल्या की फॉल-पिकोही देऊन टाकतात. १०५ चे १७५ होतात आणि नफ्यात ४५ उरतात.

पायऱ्या छोट्या होत जाव्यात

भाव कमी करताना किती केला याइतकंच कसा केला हेही महत्त्वाचं. २,३१० ची साडी कुणी आधी २,२६० केली, मग २,२१०, मग २,१६०, तर गिऱ्हाईक एक गोष्ट शिकतं. एकदा 'जरा बघा ना' म्हटलं की पन्नास रुपये सुटतात. मग ते पाच वेळा म्हणणार आणि त्यात त्याची काही चूक नाही. आपणच त्याला तसं शिकवलं. उलट पहिल्यांदा साठ, मग तीस, मग दहा असं खाली आलं, तर काही न बोलता कळतं की भांड्यात आता तळ दिसू लागला आहे. वडिलांची तिसरी पायरी नेहमी दहाची असे आणि ती देताना ते पदराची घडी घालायला घेत. घडी घातली म्हणजे बोलणं संपलं.

दुसरं म्हणजे, काही न घेता काही सोडायचं नाही. "दोन घेताय ना, मग दुसरीवर शंभर कमी करतो." हे फसवं बोलणं नाही. दोन साड्या दाखवायला विक्रेत्याचा वेळ जवळपास तेवढाच जातो, म्हणून दुसरी साडी आपल्याला खरोखर कमी खर्चात विकली जाते. सवलतीमागे असं खरं कारण असलं, की ती घेणाऱ्याला भीक वाटत नाही आणि देणाऱ्याला लूट वाटत नाही.

तिसरी गोष्ट शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. गिऱ्हाईक उठून पायरीपर्यंत गेल्यावर भाव कमी करायचा नाही. "अहो ताई, या या, घ्या एकवीसशेला!" ही हाक बाजारात रोज ऐकू येते. ताई परत येतात, साडीही घेतात. पण त्या क्षणी त्यांना कळतं, की पंधरा मिनिटं मी जे शपथेवर सांगत होतो ते खोटं होतं. पुढच्या वेळी त्या पायरीपर्यंत जाऊन बघणारच, आणि शेजारणीलाही तेच सांगणार. नकाराने माणूस जेवढा दुखावत नाही, तेवढा 'मला आधी फसवत होते' या जाणिवेने दुखावतो. जे द्यायचं ते माणूस बसलेलं असताना द्यावं. ते उठलं तर म्हणावं, "ही साडी उद्या संध्याकाळपर्यंत बाजूला ठेवतो, फिरून बघा बाकीकडे." यातली कितीतरी माणसं परत येतात, आणि परत आल्यावर भाव करत नाहीत.

कोण कशासाठी घासाघीस करतं

भाव करणारं प्रत्येक गिऱ्हाईक पैशासाठी भाव करतं, असं नाही. साडी खांद्यावर टाकून आरशात बघून झालेली, मुलीला "ब्लाउजचं कापड मिळेल का यावर?" विचारणारी बाई साडी घेणार हे ठरलेलं असतं. तिला एवढीच खात्री हवी असते, की आपल्याला कुणी बनवलं नाही आणि कालच्या गिऱ्हाईकाला ही साडी कमी भावात मिळाली नाही. तिला पन्नास रुपये सोडले तर बरं वाटतं, पण "हा भाव सगळ्यांना एकच आहे, तुमच्या जाऊबाईंनी नेली तीही याच भावात" हे खरं असेल आणि शांतपणे सांगितलं, तर तेवढंच बरं वाटतं.

काहींना खरंच परवडत नसतं. त्या मोठ्याने भाव करत नाहीत. भाव ऐकल्यावर साडीवरचा हात हळूच मागे घेतात आणि मुलीकडे बघतात. तिथे भाव कमी करणं हा उपाय नव्हे, कारण आणखी पाचशे कमी केले तरी पुरणार नाहीत. तिथे विक्रेत्याने न विचारता दुसरा गठ्ठा काढावा. "याच रंगात हे पोत बघा, धुवायला सोपं पडतं" असं म्हणावं. "हलक्यातली दाखवू का?" किंवा "तुमचं बजेट किती?" हे शब्द त्या वेळी चपराकीसारखे लागतात. भाव विचारायचा तर तो साड्या काढण्याआधी, आणि तोही असा: "साधारण दीड-दोन हजारांपर्यंतच्या दाखवू, की त्याच्या वरच्या?"

तिसरं माणूस म्हणतं, "समोरच्या दुकानात हीच साडी अठराशेला आहे." यावर "मग तिथूनच घ्या" म्हणणारे पुष्कळ दुकानदार मी पाहिले, आणि त्यांची गिऱ्हाइकं खरोखर तिथे गेलेली पाहिली. समोरच्या दुकानाला नावं ठेवण्यातही अर्थ नाही. साडी उलटून दाखवावी. हातमागाच्या पैठणीत काठ-पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागच्या बाजूला मोकळे धागे लोंबत असतात किंवा कापलेले दिसतात. रेशमावर वाद असेल तर कडेचा एक धागा ओढून पेटवावा. खरं रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. सिल्क मार्कचं लेबल असेल तर तेही दाखवावं. एवढं केल्यावर भावाचा प्रश्न आपोआप वस्तूचा होतो. आणि साडी दोन्हीकडे खरंच सारखी निघाली, तर आपलाच भाव तपासायला हवा. ते गिऱ्हाईक आपलं भलं करून गेलं असं समजावं.

सकाळी दहाला येऊन "भवानी आहे, मोडू नका" म्हणणारी मंडळीही असतात. त्यांना आपल्या श्रद्धेचा भाव ठाऊक असतो. वडील भवानीला वीस रुपये सोडत, साडी हजाराची असो की दहा हजारांची. देवाला टक्केवारी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग भाव एकच का नाही ठेवायचा?

हा प्रश्न मीही विचारला होता. कापडाच्याच धंद्यात याचं जुनं उदाहरण आहे. मित्सुई ताकातोशी नावाच्या व्यापाऱ्याने १६७३ मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, 'एचिगोया' नावाचं किमोनोच्या कापडाचं दुकान काढलं. त्या काळचे व्यापारी कापड घेऊन श्रीमंतांच्या घरी जात, माणूस बघून भाव सांगत आणि पैसे सणासुदीला उधारीने घेत. मित्सुईने दुकानातच, रोख आणि सगळ्यांना एकाच भावाने विकायला सुरुवात केली. उधारीचं व्याज आणि बुडित पैसे वाचले, म्हणून भाव कमी ठेवता आला. पुढे त्यातूनच 'मित्सुकोशी' हे मोठं डिपार्टमेंट स्टोअर उभं राहिलं.

यातला धडा भिंतीवर 'एकच भाव' अशी पाटी लावण्यापुरता नाही. एकच भाव तेव्हाच टिकतो, जेव्हा तो मुळात खाली आणलेला असतो. घासाघिशीसाठी चारशे रुपये वर चढवलेला भाव तसाच ठेवून पाटी लावली, तर गिऱ्हाईक भावही करत नाही आणि साडीही घेत नाही. शिवाय चढवलेल्या भावाचा सगळ्यात मोठा अन्याय होतो तो न बोलणाऱ्या, लाजऱ्या गिऱ्हाईकावर. ते पूर्ण पैसे देतं आणि लग्नाच्या मांडवात कळतं, की हीच साडी भांडकुदळ बाईला चारशेने स्वस्त मिळाली. आमच्याकडे म्हणूनच आठशेच्या खालच्या साड्यांना एकच भाव होता, आणि त्यावरच्या साड्यांवर भाव व्हायचा तो ठरलेल्या पाच टक्क्यांच्या आत.

परत मामांकडे

आता ७३,५०० च्या बिलाकडे येऊ. कर वगळून ते ७०,००० चं होतं. त्यात नवरीचा शालू १४,००० चा, तिच्या आणखी चार साड्या १६,००० च्या, जवळच्या नातेवाइकांच्या मानाच्या आठ साड्या १७,६०० च्या, आहेराच्या तीस साड्या १३,५०० च्या आणि शर्ट-पँटपीस, टॉवेल-टोप्या ८,९०० च्या.

यातल्या सगळ्या मालावर नफा सारखा नव्हता. शालूवर पस्तीस टक्के, नवरीच्या आणि मानाच्या साड्यांवर तीस, शर्ट-पँटपीसांवर वीस आणि आहेराच्या साड्यांवर जेमतेम पंधरा. आहेराची ४५० ची साडी सगळ्या बाजारात एकाच भावाने मिळते, तिथे कुणालाच वाव नसतो. सगळा ढोबळ नफा १८,७८५. शंभरामागे वीस खर्चाचे म्हणजे १४,०००. उरले ४,७८५. मामांच्या पासष्ट हजारांत कर वगळून ६१,९०५ हाती आले असते, म्हणजे आठ हजारांहून जास्त सूट. इतका वेळ बसून, इतका माल विकून दुकान ३,३१० रुपये तोट्यात गेलं असतं.

बस्त्याची तळरेषा वडिलांनी पहिला शालू काढतानाच मनाशी ठरवली होती: सगळं मिळून तीन हजार. साड्या बघताना मावश्या प्रत्येक साडीला "हिचे किती सोडाल?" विचारत होत्या. त्यावर वडिलांनी "शेवटी बघू" असं दर वेळी म्हटलं नाही. तसं म्हटलं की दहा साड्यांवर दहा आश्वासनं जमा होतात आणि शेवटी त्यांची बेरीज मागितली जाते. ते एकदाच म्हणाले, "एकेकीवर नको बोलायला, बिलावर एकदाच बोलू. पण आत्ताच सांगतो, आहेराच्या साड्यांत काही सुटत नाही."

चहा झाल्यावर ते म्हणाले, "मामा, शालू आणि नवरीच्या चार साड्यांवर पाच टक्के सोडतो. नवरीचं आहे, आमचाही आहेर समजा." म्हणजे ३०,००० वर १,५००. सूट दिली ती जिथे नफा होता तिथे. सगळ्या बिलावर दिली असती, तर आहेराच्या साड्यांचा आधीच जेमतेम असलेला नफा आणखी कमी झाला असता. "शिवाय शालू धरून तेरा साड्यांचं फॉल-पिको आमच्याकडून." आम्हाला ९१० पडले, त्यांचे १,५६० वाचले. मामांनी आता "सत्तर करा" म्हटलं. वडिलांनी बिल पुन्हा मांडलं. करासकट ७१,९२५ आले. ते म्हणाले, "वरचे चारशे पंचवीस सोडले, एकाहत्तर हजार पाचशे." तिसरी पायरी, सगळ्यात छोटी.

मामा गप्प राहिले. वडीलही गप्प राहिले. ही शांतता मला सहन होत नव्हती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वडिलांनी मला कपाटातून जरीकाठी उपरणं काढायला सांगितलं. आमच्या खरेदीने ते दीडशेचं. त्यांनी ते उभं राहून मामांच्या खांद्यावर घातलं. "मांडवात मुलीच्या पाठीशी तुम्हीच उभे राहणार. हे आमच्याकडून तुम्हाला."

मावश्या हसल्या. मामांनी खिशातून पाकीट काढलं.

हिशेब असा झाला: बिलातले २,००० सुटले, कर वगळून ते १,९०५. फॉल-पिको ९१०. उपरणं १५०. मिळून २,९६५. तीन हजारांच्या आत. दुकानाला १,८२० उरले. फार नाहीत, पण तोटाही नाही, आणि मामांना गावात जाऊन "साडेत्र्याहत्तरचे एकाहत्तर केले, वर फॉल-पिको काढून घेतलं" असं सांगता आलं. त्यांना तीन तास बसवून आणलं होतं ते याचसाठी. रिकाम्या हाताने परत पाठवणं म्हणजे त्यांचा चारचौघांत अपमान करणं झालं असतं.

पाकीट काढता काढता मामांनी एक शेवटचा खडा टाकला, "बिल नको आम्हाला, टॅक्स सोडा." वडील म्हणाले, "बिल नसेल तर एखादी साडी बदलायची झाली तर काय दाखवाल मामा?" आणि सूट बिलावरच लिहिली. विक्रीच्या वेळी दिलेली सूट बिलावर दाखवली, की कर कमी झालेल्या रकमेवरच लागतो. तोंडी सूट देऊन बिल पूर्ण रकमेचं फाडलं, तर न मिळालेल्या पैशावरही कर भरावा लागतो.

गळती कुठे आहे

रात्री गल्ला मोजून झाला की वडील वहीत दोन आकडे लिहीत. आज विकलेल्या मालाचा चिठ्ठीवरचा भाव किती आणि प्रत्यक्ष मिळाले किती. दोन्हींतला फरक ही त्या दिवसाची सूट. तीन टक्क्यांच्या आसपास असली की ते वही मिटत. चारच्या वर गेली की कोणत्या पोराच्या हातून गेली ते बघत.

एका विक्रेत्याच्या बाबतीत हा आकडा नेहमी सहाच्या घरात असे. तो भोळा नव्हता. गिऱ्हाइकं त्याच्याशी बोलत नसत, थेट वडिलांकडे जात, कारण त्याने 'नाही' म्हटलं की वडील 'हो' म्हणत. चूक वडिलांची होती. मग ठरलं, तीन टक्क्यांपर्यंत त्याने स्वतःच्या अधिकारात सोडायचं. त्यापुढचं काही द्यायचं झालं तर वडील ते त्याच्याच तोंडून देववत, "अरे, यांना फॉल-पिको करून दे तुझ्याकडून." दोन महिन्यांत गिऱ्हाइकं त्याच्याशीच बोलू लागली आणि त्याचा आकडा साडेतीनवर आला.

वहीत आणखी एक गोष्ट दिसायची. एखाद्या नमुन्याची साडी दर वेळी पाच-सात टक्के सोडूनच गेलेली असेल, तर दोष गिऱ्हाइकांचा नव्हता. भाव चुकला होता, नाही तर माल जुना झाला होता. अशा साड्या वडील बाजूला काढत आणि आषाढाच्या सेलमध्ये उघड्या टेबलावर, उघड्या कमी भावात मांडत. काउंटरवर कुजबुजत सोडलेले दोनशे आणि टेबलावर पाटी लावून कमी केलेले दोनशे, आकडा एकच. पण पाटीवरची सूट शांत बसणाऱ्या बाईलाही मिळते.

ते लग्न मी बघितलं. मुंडावळ्या बांधलेल्या नवरीमागे मामा उभे होते, खांद्यावर आमचं उपरणं. पुढच्या वर्षी त्यांच्या धाकट्या भाचीचा बस्ता आमच्याकडेच झाला. मामा तेव्हाही गल्ल्याजवळ सरकले, पण या वेळी सुरुवातच "आहेराच्या साड्या सोडून बोलू" अशी केली.